गौराईचं वेगळं बांधा

इंटर सायन्सचा निकाल लागला आणि सांगलीच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात मला प्रवेश मिळाला, तेव्हा घरी आनंद वगैरे फारसा झाला नाही. आधी फीचा प्रश्न उभा राहिला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. आमचं गाव उंब्रजच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून. वडील, म्हणजे आमचे आबा, फौजेतून निवृत्त होऊन शेती करायचे. पेन्शन बेताची होती. उसाचं बिल कारखान्याकडून यायचं, पण त्यातून सोसायटीचं पीककर्ज आधी वजा व्हायचं आणि उरलेलं हातात यायला थंडी सरून जायची. फी भरायची होती जुलैत.

आबांनी त्यांच्या पद्धतीनं तोडगा काढला होता. विहिरीच्या खालची चौदा गुंठ्यांची पट्टी विकायची. घेणारा ठरलेला होता, आबांचा चुलत भाऊ, माझे काका. खरं तर दुसरं गिऱ्हाईक मिळणारच नव्हतं. एवढा लहान तुकडा कायद्यानं कुणालाही विकता येत नाही, लगतच्या खातेदारालाच देता येतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना काकांचीच जमीन होती. त्यामुळं भावही तेच ठरवणार होते.

हे मला कळलं ते आबांच्या पोस्टकार्डावरून. मी तेव्हा सांगलीत वसतिगृहात राहत होते. कार्डावर चारच ओळी होत्या. पट्टी देतोय, चारही वर्षांची सोय होते, तू काळजी करू नको, सोमवारी भाऊ कागद करायला येणार आहे.

पट्टी काही फार सुपीक नव्हती. पण विहिरीचं पाणी आमच्या खालच्या उसाला जायचं ते तिच्यातून. पाट तिथूनच होता. पट्टी गेली की पाट काकांच्या रानात जाणार, आणि पुढं त्यांच्या मनात येईल तेव्हा आमचा ऊस वाळणार. आबांना हे दिसत नव्हतं असं नाही. भाऊ तसं करणार नाही असं ते धरून चालले होते.

मी त्या दिवशी आबांना उत्तर लिहायला बसले नाही. आधी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत गेले. तिथं सोनेतारण कर्ज मिळतं हे वसतिगृहातल्या एका मुलीकडून ऐकलं होतं. तिच्या वडिलांचा हळदीचा व्यापार होता आणि तिच्या घरात सोनं बँकेत ठेवणं आणि सोडवणं हे गहू दळून आणण्याइतकं साधं काम होतं. आमच्यात त्याला गहाण म्हणायचे आणि हळू आवाजात म्हणायचे.

बँकेतल्या कारकुनानं मला आधी विचारलं, "दागिने आणलेत?" नाही म्हटल्यावर त्याचा उत्साह गेला. तरी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यानं दिली. मी ती वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. मग दोन कागद भरून पत्र लिहिलं आणि पाकिटात घालून चिकटवलं. पोस्टकार्ड लिहिलं असतं तर आबांच्या आधी गावानं वाचलं असतं.

पत्रातला मजकूर मला अजून बऱ्यापैकी आठवतो. तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार, एवढं झाल्यावर मी सरळ मुद्द्यावर आले होते.

'पट्टी विकून चार वर्षांचे पैसे एकदम येतील, पण आपल्याला ते एकदम नको आहेत. दर जुलैत लागणार आहेत. आजीचे दागिने आईकडे डब्यात आहेत. ते बँकेत तारण ठेवले तर एका वर्षाची रक्कम मिळते. उसाचे बिल आले की फेडायचे आणि पुढच्या जुलैत पुन्हा ठेवायचे. व्याज शेकडा तेरा आहे. पट्टीतल्या उसाचे उत्पन्न त्या व्याजापेक्षा जास्त आहे, हे तुम्हीच मागे हिशोब करून सांगितले होते. सोने मोडायचे नाही. बँक ते वितळवत नाही. पिशवीत घालून सील करते. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, तिचे वजन धरत नाहीत, म्हणून बोरमाळेवर फार भरवसा ठेवू नये. पाटल्या आणि गोठ भरीव आहेत, पुतळ्या जुन्या आणि चांगल्या कसाच्या आहेत. बाजारभावाच्या साधारण साठ टक्के मिळतात. फेडायची मुदत एक वर्ष असते. न फेडल्यास आधी नोटीस येते आणि मग लिलाव होतो. तशी वेळ आली तर तेव्हा पट्टी विकता येईल. आज विकली तर परत घेता येणार नाही.'

शेवटी लिहिलं होतं की शनिवारी घरी येते, तोवर काकांना शब्द देऊ नये.

शनिवारी एसटीनं घरी पोचले तेव्हा आबा सोप्यात बसले होते आणि पत्र त्यांच्या टोपीखाली घडी घालून ठेवलेलं होतं. आई जात्यापाशी तांदूळ निवडत होती.

"वाचलं," आबा म्हणाले. "तुज्या आईलाबी वाचून दाखवलं."

"मग?"

"मग काय? हिसाब चोख हाय. पलटणीतला क्वार्टरमास्तरबी असा लिवत न्हवता." हे त्यांच्याकडून कौतुक होतं. "पन सोनं माजं न्हाई. तिला इचार."

ही गोष्ट मी पत्रात लक्षातच घेतली नव्हती. पत्र आबांना लिहिलं होतं. आजीनं मरायच्या आधी डबा आईच्या हातात दिला होता, आबांच्या नव्हे.

आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, "ठेवा की. मी न्हाई म्हनले का?"

"मग अडलंय कुठं?"

"गौराई कवा येती?"

मी मनात महिने मोजले. जुलैत सोनं आत गेलं की उसाच्या बिलापर्यंत बाहेर येणार नव्हतं, आणि मधे भाद्रपद होता. आमच्याकडं उभ्याच्या गौरी बसतात. पितळी मुखवटे, नवी लुगडी, आणि अंगावर घरातलं सगळं सोनं. बोरमाळ, पुतळ्यांची माळ, वज्रटीक. त्या दिवशी भावकीतल्या सगळ्या बायका हळदीकुंकवाला येतात आणि कुणाच्या गौरीच्या गळ्यात काय आहे ते बघून जातात. सातबारा तलाठ्याकडं असतो, घरातल्या सोन्याची मोजदाद ही अशी होते. माझ्या पत्रात व्याज होतं, मुदत होती, लिलावसुद्धा होता. गौरी नव्हत्या.

"गौराई काचंच्या माळंवर हुबी ऱ्हायली," आई म्हणाली, "की तुज्या काकीला सांगायला लागत न्हाई. दुसऱ्या दिवशी काका हितं येऊन बसत्यात. आता तर गहाणाला लागलासा, पट्टी द्या की, म्हनून. भाव अजून पाडत्यात."

आबा म्हणाले, "तर तर. त्यो बसल्यालाच हाय टपून."

म्हणजे भाऊ कसा आहे हे आबांना माहीत होतं.

मी वही काढली. बँकेत एका कर्जाची एक पिशवी असते. सगळे दागिने एका कर्जाला बांधले तर सगळं कर्ज फिटल्याशिवाय त्यातला एक मणीही बाहेर येत नाही. पण कर्जं दोन काढली तर? हा प्रश्न मी कारकुनाला विचारला नव्हता, तरी न होण्याचं काही कारण मला दिसेना. पाटल्या आणि गोठ हातातले. ते गौरीच्या अंगावर चढत नाहीत, कारण आमच्या गौरींना हात नसतात. त्यांच्यावर मोठी रक्कम उचलायची आणि ती उसाच्या बिलाला फेडायची. बोरमाळ, पुतळ्या, वज्रटीक यांची पिशवी वेगळी. तिच्यावर लागेल तेवढीच थोडी रक्कम घ्यायची आणि गौरीच्या आधी फेडून ती सोडवायची.

"हां," आई म्हणाली. "गौराईचं वेगळं बांधा. मग चालंल."

सोमवारी काका स्टँपपेपर घेऊनच आले. चहा झाल्यावर आबांनी त्यांना सांगितलं की पट्टी द्यायची नाही.

"का रं गड्या? भाव पडला व्हय?"

"भाव न्हवं. पाट हाय त्यातनं."

"पाट ऱ्हाईल की. मी काय पानी अडवतोय व्हय तुजं?"

मी आतून म्हटलं, "मग पाटाचा हक्क कागदात घालू या, काका. एक ओळ वाढंल."

काकांनी माझ्याकडं न बघता आबांना विचारलं, "भावाभावात असला कागुद करत्यात व्हय? पोरगीला शिकीवतोयस का वकील करतोयस?"

"इंजनेर," आबा म्हणाले.

"बरं बरं. मग फी कशातनं भरनार?"

"बगू," असं म्हणून आबांनी विषय संपवला. काका स्टँपपेपर परत घेऊन गेले. पण फी कशातून भरणार हा प्रश्न त्यांनी घरी नेला, आणि काकीनं तो आपल्याकडं ठेवून घेतला.

बँक कराडची निवडली. उंब्रजात कुणी ओळखीचं भेटलं असतं. कराडच्या बँकेत सराफ आठवड्यातून दोनदा बसायचा, त्यातला गुरुवार आम्ही धरला. मी सांगलीहून आले, आई-आबा घरून आले. आईनं डबा एका पिशवीत आणि वर भाजी अशी व्यवस्था केली होती. एसटीत शेजारच्या बाईनं वांगी विकायला नेताय का म्हणून विचारलं, तर आई व्हय म्हणाली.

बँकेत पहिला पेच कर्ज कुणाच्या नावावर घ्यायचं हा झाला. आबांनी फॉर्म आपल्या नावानं भरायला घेतला. कारकुनानं विचारलं, दागिने कुणाचे? आबा म्हणाले, घरचे. कारकून म्हणाला, घर सही करत नाही, खाली लिहून द्यायचंय की हे दागिने माझ्या स्वतःच्या मालकीचे आहेत. आबांनी पेन खाली ठेवलं. खोटं लिहून द्यायची त्यांना सवय नव्हती.

"ह्यांचे आहेत," ते आईकडं बोट करून म्हणाले.

मग कर्जदार आई झाली. आधी थोडी रक्कम भरून तिला बँकेची नाममात्र सभासद करून घेतलं. तिला सही येत नसल्यानं सगळीकडं डाव्या हाताचा अंगठा उमटवला आणि साक्षीदार म्हणून आबांनी सही केली. कारकुनानं तिला बजावलं, "बाई, अंगठ्याचं खातं आहे. पैसे घ्यायला, भरायला, दागिने सोडवायला दर वेळी तुम्हाला स्वतः यावं लागेल. मालकांना पाठवून चालणार नाही."

"मी यीन की," आई म्हणाली. "त्यांनीबी यावं सोबतीला."

सराफ खिडकीपाशी काचेच्या पेटीतल्या तराजूसमोर बसला होता. त्यानं वजन ग्रॅममध्ये सांगितलं, आईनं तोळ्यात विचारलं, आणि तिचा तोळा जुना असल्यानं दोघांचं काही केल्या जमेना. मी मधे पडून गुणाकार केला. पाटल्यांची कड त्यानं काळ्या कसोटीवर ओढली. शेजारी माहितीच्या कसाच्या सळईची रेघ ओढली, दोन्हींवर आम्लाचा थेंब टाकला आणि कुठली रेघ किती टिकते ते बघितलं. पाटल्या आणि गोठ अपेक्षेप्रमाणं निघाले. बोरमाळेच्या वजनातून त्यानं लाखेसाठी आणि दोऱ्यासाठी निम्म्याच्या वर कापलं. वज्रटीकेचंही तसंच. पुतळी मात्र त्यानं घासली, पुन्हा घासली आणि म्हणाला, "हे सोनं आता बघायला मिळत नाही."

आईनं विचारलं, "घासल्याली रेघ जाती का?"

"कडेला आहे. बघणाऱ्यालाच दिसेल."

बँकेचा त्या वेळचा भाव बाजारापेक्षा खाली धरलेला होता. मिळाली ती रक्कम पत्रातल्या आकड्याच्या जवळपास होती, थोडी खालीच. सराफाची फी आमच्याकडूनच घेतली, ती मी पत्रात धरली नव्हती. दोन पिशव्या भरल्या गेल्या. प्रत्येकीत वजनाची आणि कसाची चिठ्ठी, वरून दोरा, गाठीवर लाख आणि लाखेवर बँकेचा शिक्का. आईसमोर दोन्ही आत गेल्या. तिजोरीला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडं आणि एक कॅशियरकडं, एकट्याला उघडता येत नाही, हे कारकुनानं तिला सांगितलं. तिनं दोन्ही पावत्या घेतल्या आणि पोलक्यात ठेवल्या. आबांना दिल्या नाहीत.

मोठ्या पिशवीतून फी, वसतिगृह आणि खाणावळ भागली. लहान पिशवीवरची रक्कम ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, कंपासपेटी आणि पुस्तकं यांसाठी होती. ती गौरीच्या आधी फेडायची, मुद्दल आणि तोवरचं व्याज. आबांचा हिशोब घेवड्यावर होता. घेवडा तोवर निघतो आणि उंब्रजच्या बाजारात उठतो.

त्या वर्षी पाऊस उघडेना. घेवडा निघाला, पण ओला. आबांचं पत्र आलं की व्यापारी निम्मा भाव सांगतोय, वाळवायला ऊन नाही, काय करावं. मी त्यांना लिहिलं की मिळेल त्या भावाला काढा. माझ्याकडं काही पैसे शिल्लक होते. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याकडून बोर्ड आणि कंपासपेटी निम्म्या किमतीत घेतली होती. पेटीतला एक डिव्हायडर वाकडा होता, तो दगडावर ठेवून सरळ केला. उरलेले पैसे मी मनिऑर्डरनं पाठवले. घेवड्याचे आणि ते मिळून कसेबसे पुरले. गणपतीच्या आदल्या आठवड्यात आई-आबा कराडला गेले, आईनं अंगठा दिला, पावती परत केली, सील शाबूत असल्याचं बघितलं आणि लहान पिशवी सुटली. हे मला गौरीला घरी गेल्यावर कळलं.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी भावकीतल्या बायका आल्या. काकी आधीच आली होती आणि सगळ्यांत शेवटी जाणार होती. हळदकुंकू लावून ती गौरीच्या अगदी जवळ जाऊन बसली. मुखवट्याकडं तिनं बघितलंच नाही. नजर गळ्यावर होती. बोरमाळ होती, वज्रटीक होती, पुतळ्या होत्या. तिनं सरळ हात घालून माळ उचलली आणि तळहातावर तोलली.

"बेगडाची न्हाई ती," आई म्हणाली.

"आगं, मी कवा म्हनले? लय चकाकत्यात म्हनून बगितल्या." काकीनं एक पुतळी दिव्याकडं धरली. "ही कडंला घासल्यागत दिसती."

खोलीतल्या बायकांनी माना इकडं वळवल्या. मला वाटलं आई रिठ्याचं, नाही तर राखेचं नाव सांगेल. मी स्वतः तेच सांगितलं असतं.

"व्हय. बँकंत घासली," आई म्हणाली.

"बँकंत?"

"कराडच्या. कस लावत्यात तितं. आवं जाऊबाई, सराफ म्हनला असलं सोनं आता बगाय मिळत न्हाई." तिनं माळ काकीच्या हातातून काढून गौरीच्या गळ्यात नीट बसवली. "गौराईसाठनं सोडवून आनल्या. परवा परत जायाच्यात. पोरीची पुस्तकं आल्यात त्यातनं."

"म्हंजी गहाण हाय म्हन की!"

"तारण," आई म्हणाली. "माज्या नावावर हाय. पाटल्याबी हायेत तितंच. पट्टी ऱ्हायली ना जाग्यावर."

एक म्हातारी हसली. कुणीतरी विचारलं की बँकेत बाईला कर्ज देतात का, आणि अंगठ्यावर देतात का. आई तिला दोन किल्ल्यांची तिजोरी समजावून सांगायला लागली. काकी प्रसाद घेऊन उठली. लपवलेलं काही असतं तर ते उघड करायचं काम तिला मिळालं असतं. आता घरी जाऊन सांगण्यासारखं तिच्याकडं काही उरलं नव्हतं. त्यानंतर काकांनी पट्टीचा विषय काढला नाही. वर्षाच्या शेवटी त्यांनी पाटाच्या कडेला केळी लावल्या, एवढंच. पाणी आमच्याच पाटाचं होतं.

आबा मात्र रात्री जेवताना आईवर चिडले होते. "भर सभेत सांगायची काय गरज हुती?"

"मग कवा सांगायचं? पुढल्या गौराईला?" आई म्हणाली. "दर वरशी कुनाकुनाची नजर चुकवू मी?"

गौरी विसर्जन झाल्यावर, पुढच्या सहामाहीच्या खर्चासाठी, लहान पिशवी पुन्हा कराडला गेली. सराफाची फी पुन्हा बसली, आणि पुन्हा ठेवताना त्यानं पुतळी पुन्हा घासली. चार वर्षांत ती कड बरीच गुळगुळीत झाली. मोठ्या पिशवीचं एका वर्षी मुदतीत जमलं नाही, कारण कारखान्यानं बिल उशिरा काढलं. तेव्हा फक्त व्याज भरून कर्ज नवं-जुनं करून घेतलं. आईला तोवर कारकून नावानं ओळखायला लागला होता. शेवटचं वर्ष संपलं आणि मी पाटबंधारे खात्यात लागले, कोयनेच्या बाजूला. पहिल्या पगारांतून मोठी पिशवी सुटली. पाटल्या हातात घालून बघताना आई म्हणाली, ढिल्या झाल्यात. पाटल्या तेवढ्याच होत्या. ती वाळली होती.

पट्टी अजून आमच्याकडं आहे. पाटाच्या जागी आता पाइप आहे, तो मीच आखून दिला.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सुट्टीवर घरी होते. भर दुपारी काकी आली. हातात भाजीची पिशवी, भाजी वर. तिच्या धाकट्याला पुण्यात कुठल्याशा कोर्सला प्रवेश मिळाला होता. आबा घरात आहेत का ते तिनं आधी विचारलं. नाहीत कळल्यावर बसली.

"तुजा त्यो कराडचा कारकून," ती आईला म्हणाली, "हाय का अजून?"

"हाय. गुरवारी चला, मी येती."

"ह्यास्नी सांगू नगं."

"माजं काय जातंय? पन सोनं तुमचं हाय न्हवं? तितं तसं लिवून द्यावं लागतं."

"माजंच हाय. माज्या म्हायेरचं."

आई पिशवीतली भाजी बाजूला काढून तिच्याखालचा डबा उघडून बघायला लागली. एक एक दागिना तिनं हातात तोलला आणि पाटावर दोन ढिगांत ठेवला. काकीनं विचारलं, हे दोन कशाला?

"ह्यो गौराईचा," आई म्हणाली. "ह्यो वेगळा बांधायचा."